माझ्या जागी येणाऱ्यांना माझे काम शिकवताना

आमच्या लेखा विभागात पुरवठादारांच्या बिलांचे काम अनेक वर्षे माझ्याकडे होते. हे संपूर्ण काम दुसऱ्या देशातील एका सेवा केंद्राकडे जाणार आहे, तिकडच्या माणसांना ते मी शिकवायचे आहे आणि हस्तांतर पूर्ण होताच माझे पद रद्द होणार आहे, या तिन्ही गोष्टी मला एकाच बैठकीत सांगण्यात आल्या. कारणे म्हणून कार्यक्षमता, एकसूत्रीपणा वगैरे बरेच काही बोलले गेले. तिकडच्या दोन माणसांवर होणारा खर्च माझ्या एकट्याच्या पगारापेक्षा कमी आहे, हे मात्र कोणी बोलले नाही. बोलण्याची गरजही नव्हती, कारण त्या केंद्राचे दरपत्रक मंजुरीसाठी आमच्याच विभागातून पुढे गेले होते.

अशा वेळी पहिला विचार नकार देण्याचाच येतो आणि माझ्याही मनात तोच आला. पण कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी मी माझे नेमणूकपत्र कामगार कायद्याच्या एका वकिलांना दाखवले. त्यांचे म्हणणे असे पडले की, दुसऱ्याला काम शिकवणे हे वरिष्ठांनी सांगितलेल्या वाजवी कामात मोडते असे मालकाला सहज म्हणता येते. सरळ नकार दिला तर तो शिस्तभंग ठरवला जाऊ शकतो आणि मग पद रद्द झाल्याबद्दल मिळणारी भरपाईच धोक्यात येते. त्यांनी २०१५ साली गाजलेल्या एका बातमीची आठवण करून दिली. अमेरिकेतील डिस्नेच्या माहिती तंत्रज्ञान विभागातील सुमारे अडीचशे जणांना काढून टाकण्यात आले होते आणि त्यांतील काहींना, तात्पुरत्या व्हिसावर आणलेल्या माणसांना आपलेच काम शिकवून मग बाहेर पडावे लागले होते. त्याविरुद्ध न्यायालयात लावलेले दावे २०१६ मध्ये फेटाळले गेले. अपमान झाला म्हणून न्यायालय काही देईल ही आशा सोडा आणि हातात पडलेल्या पत्रातला शब्द न् शब्द वाचा, असा त्यांच्या सल्ल्याचा मथितार्थ होता.

पत्रात शेवटपर्यंत थांबण्याबद्दल एक विशेष रक्कम देऊ केली होती आणि ती ‘हस्तांतर समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्यावर’ देय होती. समाधान कोणाचे आणि ते कोणत्या तारखेला मोजायचे, याचा उल्लेख कुठेही नव्हता. हस्तांतर लांबण्याची कारणे बहुधा शिकवणाऱ्याच्या हातात नसतात. समोरच्या केंद्राला माणूस वेळेवर मिळत नाही, त्याला संगणकप्रणालीची परवानगी मिळायला उशीर होतो किंवा आलेला माणूस मध्येच सोडून जातो. म्हणून मी तीन बदल लेखी मागितले: माझ्या कामाचा शेवटचा दिवस पत्रात तारखेनिशी लिहावा, माझ्यामुळे नसलेल्या विलंबाचा परिणाम त्या रकमेवर होऊ नये, आणि पूर्णतेच्या दाखल्यावर कोणत्या पदावरील व्यक्ती सही करणार, ते आधीच ठरवावे. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्या. तिसरीबाबत ‘व्यवस्थापन ठरवेल’ एवढेच उत्तर आले. दुसरी अट मान्य झाली नसती तर पुढे माझे सरळ नुकसान झाले असते, म्हणून तिचा उल्लेख इथे मुद्दाम केला आहे.

प्रत्यक्ष हस्तांतराची आखणी चार टप्प्यांची होती. आधी मी सगळ्या पद्धती लिहून काढायच्या, मग तिकडच्या व्यक्तीने स्क्रीनवर माझे काम पाहायचे, त्यानंतर तिने काम करायचे व मी पाहायचे आणि शेवटी तिने एकटीने काम करायचे व मी फक्त प्रश्नांसाठी उपलब्ध राहायचे. ही आखणी करणाऱ्या गृहस्थांनी आयुष्यात एकही बिल पास केलेले नव्हते. त्यांच्या तक्त्यात प्रत्येक पद्धतीसमोर लाल, पिवळा किंवा हिरवा रंग असे आणि दर आठवड्याच्या बैठकीत रंग बदलला की नाही, एवढीच चौकशी होई.

कागदावर हे काम खरोखरच सोपे आहे. खरेदी आदेश, माल मिळाल्याची पावती आणि पुरवठादाराचे बिल या तिन्हींतील संख्या व दर जुळले की बिल पास होते. जुळले नाहीत तर प्रणाली ते अडवून ठेवते. जुळलेल्या बिलांना माणूस जवळजवळ लागतच नाही. मला पगार मिळत होता तो अडलेल्या बिलांसाठी आणि शिकवायचे होते तेही तेवढेच. तक्त्यात मात्र याच्या नेमके उलट प्रमाण होते. सरळ पास होणाऱ्या बिलांच्या एकेका क्लिकसाठी पानेच्या पाने राखलेली होती आणि अडलेल्या बिलांसाठी एकच ओळ होती: ‘संख्येत फरक असल्यास खरेदी विभागाकडे पाठवावे.’

ही ओळ किती अपुरी आहे, हे एका उदाहरणाने सांगतो. पॅकिंगचे साहित्य पुरवणारा आमचा एक पुरवठादार होता. खरेदी आदेश खोक्यांत निघायचा, समजा २० खोकी, आणि प्रत्येक खोक्यात १२ नग असत. गोदामातील माणूस खोकी मोजून २० ची पावती करायचा. पुरवठादार मात्र बिल नगांत काढायचा, म्हणजे २४० नगांचे. एकूण रक्कम जुळत असे, पण माल आला २० आणि बिल आले २४० चे, असे प्रणालीला दिसे आणि ती बिल अडवे. नियमाप्रमाणे ते खरेदी विभागाकडे गेले की तिथून ‘गोदामाला विचारा’ असे उत्तर येई, गोदाम ‘माल पूर्ण आला आहे’ असे कळवी आणि या फेऱ्यांत पैसे देण्याची मुदत उलटून जाई. माझ्या टेबलावर मात्र हे बिल काही मिनिटांत हातावेगळे होई, कारण २४० ला १२ ने भागून खोकी जुळतात हे मला ठाऊक होते.

आखणी करणाऱ्या गृहस्थांना हे सांगताच त्यांनी ‘या पुरवठादाराची संख्या १२ ने भागावी’ असा नियम लिहून टाकायला सुचवले. तो मी लिहिला नाही, आणि त्याला कारण होते. त्या पुरवठादाराने एकदा खोके बदलले होते. नव्या खोक्यात १० च नग बसत, तरीही गोदामाने नेहमीप्रमाणे २० खोकी मोजली आणि बिलही नेहमीप्रमाणे २४० नगांचे आले. १२ ने भागले असते तर २० आले असते, सगळे जुळले असते आणि प्रत्यक्षात न आलेल्या ४० नगांचे पैसे बिनबोभाट गेले असते. फरक कळला तो मालासोबत आलेल्या चलनामुळे, कारण एका खोक्यात किती नग आहेत ते त्यावर छापलेले असते. म्हणजे या कामातले ज्ञान भागाकाराचे नाही. कोणता कागद उघडून पाहिल्यावर वाद मिटतो, याचे ते ज्ञान आहे.

यानंतर मी दस्तऐवजाची मांडणीच बदलली. प्रत्येक प्रकारच्या अडलेल्या बिलासाठी चार गोष्टी लिहिल्या: स्क्रीनवर नेमके काय दिसते, असे दिसण्याची संभाव्य कारणे कोणती, त्यांपैकी खरे कारण कोणत्या कागदावरून ठरते आणि तो कागद कोणत्या पदावरील माणसाकडे असतो. माणसांची नावे मुद्दाम घातली नाहीत, कारण त्यांतील दोघे माझ्याच यादीत होते, म्हणजे तेही जाणार होते. गंमत अशी की, त्या वस्तूचे मापच खरेदी आदेशात खोक्यांऐवजी नग असे करावे, म्हणजे हा घोळ मुळातच संपेल, ही मागणी मी वर्षानुवर्षे करत होतो आणि ती कोणी मनावर घेतली नव्हती. सेवा केंद्राने दस्तऐवज वाचून तीच मागणी केली आणि ती ताबडतोब मान्य झाली. आपले म्हणणे बरोबर होते हे अशा रीतीने सिद्ध होणे फारसे सुखाचे नसते.

माझ्याकडे शिकायला आलेली मुलगी हुशार होती. सुरुवातीला ती प्रत्येक वाक्यानंतर ‘हो सर, समजले’ म्हणे आणि त्यावरून काहीच कळत नसे. हा दोष तिचा नव्हता. आमच्या सत्रांचे ध्वनिचित्रमुद्रण होत असे, तिचा वरिष्ठ अधूनमधून कॉलवर असे आणि ‘समजले नाही’ असे म्हटले तर ते तिच्याच नावावर जमा होणार होते. म्हणून मी प्रश्न विचारणे बंद केले आणि जुन्या महिन्यांतील, उत्तरे ठाऊक असलेली अडलेली बिले काढली. त्यांवरचे माझे शेरे पुसून ती तिला दिली आणि एकच अट घातली: स्क्रीनवर काही करण्यापूर्वी हे बिल का अडले असावे आणि कोणता कागद पाहायचा, हे तोंडी सांगायचे. पहिल्या खेपेला तिची कृती बऱ्याच बिलांत बरोबर निघाली, कारणे मात्र चुकीची निघाली. कृती बरोबर आणि कारण चूक असलेला शिकाऊ माणूस तक्त्यात हिरवा दिसतो, पण पुढच्या वेळी परिस्थिती किंचित बदलली की तोच पैसे चुकीच्या ठिकाणी पाठवतो. काही दिवसांनी ती स्वतःहून ‘हे तुम्हाला कोणत्या कागदावरून कळले?’ असे विचारू लागली. शिकणे सुरू झाल्याची ही मला दिसलेली पहिली खरी खूण.

ध्वनिचित्रमुद्रण बंद असताना एकदा तिने सांगितले की, ती आमच्याबरोबर आणखी दोन कंपन्यांची बिले पाहते, तिची नेमणूक मुदतीची आहे आणि दिवसाला किती बिले ‘हाताळली’ यावर तिचे मूल्यमापन होते. मला त्या केंद्राच्या कामाची पद्धत त्या वेळी कळली. अडलेले बिल खरेदी विभागाकडे ढकलले की ते तिच्या खात्यातून निघून जाई आणि हाताळलेल्यांत मोजले जाई. तेच बिल चलन मागवून, वाचून सोडवायला बसले तर तेवढ्या वेळात दहा सोपी बिले मागे पडत. म्हणजे मी कितीही नीट शिकवले तरी शिकवल्याप्रमाणे वागणे तिला परवडणारे नव्हते. हा मुद्दा मी साप्ताहिक बैठकीत मांडला आणि लेखीही कळवला. ‘करारातील मापदंड आधीच ठरले आहेत’ असे उत्तर मिळाले. अशी उत्तरे तारखेनिशी जपून ठेवावीत. भांडणासाठी ती उपयोगी पडतीलच असे नाही, पण पुढे बिले थकली की ‘नीट शिकवले नाही’ हे खापर कोणाच्या डोक्यावर फुटायचे, हे त्यांवरून ठरते.

हातचे राखून शिकवावे का, हा प्रश्न मला जवळच्या अनेकांनी विचारला. काहींनी तर तसा सल्लाच दिला. मी तसे केले नाही आणि त्यामागे फार मोठे औदार्य नव्हते. राखून ठेवलेल्या माहितीमुळे पद वाचत नाही, कारण पद रद्द करण्याचा निर्णय माहितीवर नव्हे, दरपत्रकावर झालेला असतो. त्रास होतो तो त्या मुलीला आणि वेळेवर पैसे न मिळालेल्या लहान पुरवठादारांना. शिवाय काही लपवले असे दिसले तर विशेष रक्कम नाकारायला आयते कारण मिळते. एक मर्यादा मात्र मी पाळली. शिकवणे कामाच्या वेळेत केले. तिकडची सकाळ आणि आमची रात्र यांचा मेळ घालण्यासाठी रोज उशिरा थांबायला सांगितले गेले, तेव्हा त्या तासांची नोंद आणि मोबदला मागितला. मागणी केल्यावर रात्रीची सत्रे आपोआप कमी झाली.

शिकवण्यातला सर्वांत धोक्याचा भाग पुरवठादाराच्या बँक खात्याच्या बदलाचा होता. फसवणुकीचा हा जुना आणि सर्रास चालणारा मार्ग आहे. पुरवठादाराच्या नावाने ईमेल येतो, सोबत त्याच्या लेटरहेडवर पत्र असते, आमचे बँक खाते बदलले आहे असे त्यात लिहिलेले असते आणि पुढचे पैसे त्या नव्या खात्यात जातात. आमच्या दस्तऐवजात ‘पुरवठादाराला दूरध्वनी करून खात्री करावी’ असे पूर्वीपासून लिहिलेले होते. सरावासाठी मी असे एक बनावट पत्र तयार करून दिले. तिने नियम अगदी काटेकोर पाळला, म्हणजे त्या पत्रावरच छापलेल्या क्रमांकावर फोन करायला ती निघाली. पत्र खोटे असेल तर त्यावरचा फोनही खोट्याच माणसाचा असणार, हे वाक्य दस्तऐवजात नव्हते, कारण आमच्या खोलीत बसणाऱ्या कोणाला ते लिहावेसे वाटलेच नव्हते. आम्ही सगळे आपापल्या जुन्या नोंदीतल्या क्रमांकावर, ओळखीच्या माणसाला फोन करत होतो. मी नियम बदलून लिहिला: आधीपासून प्रणालीत नोंदलेल्या क्रमांकावरच फोन करावा, तो क्रमांकही अलीकडेच बदललेला दिसला तर खरेदी विभागाकडून खात्री करावी, आणि खाते बदलणारा व पैसे सोडणारा हे दोघे वेगळे असावेत. शेवटच्या अटीवर केंद्राने माणसे कमी असल्याचे कारण पुढे केले. इथे मात्र मी आमच्या अंतर्गत लेखापरीक्षकांना या अटीबद्दलच्या पत्राची प्रत पाठवली आणि तेवढी एक अट करारात शिरली.

तिसरा टप्पा निम्म्यावर असताना ती मुलगी नोकरी सोडून गेली. तिला दुसरीकडे चांगली जागा मिळाली होती आणि मला त्याचा आनंदच झाला. तिच्या जागी आलेल्या तरुणाला आधीच्या सत्रांची ध्वनिचित्रमुद्रणे पाहून तयार व्हायला सांगितले गेले, हस्तांतराची तारीख मात्र तीच राहिली. ध्वनिचित्रमुद्रणात माझे हात काय करत होते ते दिसते. मी काय पाहून थांबलो ते दिसत नाही. मी पुन्हा तीच जुनी बिले काढली, पण सगळे प्रकार घेण्याइतका वेळ उरलेला नव्हता. पत्रातली विलंबाची अट उपयोगी पडली ती याच वेळी.

शेवटी पूर्णतेचा दाखला समोर आला. ‘संबंधित कर्मचाऱ्यास सर्व प्रक्रियांचे पूर्ण प्रशिक्षण देण्यात आले आहे व तो स्वतंत्रपणे काम करण्यास सक्षम आहे’ असे त्यात छापलेले होते आणि खाली माझी सही हवी होती. वाक्याच्या पहिल्या अर्ध्याबद्दल मला काही सांगता येत होते, दुसरा अर्धा मात्र माझ्या अधिकाराबाहेरचा होता. मी सही नाकारली नाही. सोबत एक तक्ता जोडून सही केली. कोणत्या प्रकारची बिले फक्त दाखवली, कोणती त्याने माझ्या देखरेखीखाली केली, कोणती एकट्याने सोडवली आणि कोणते प्रकार या काळात आलेच नाहीत, असे चार रकाने त्या तक्त्यात होते. शेवटच्या रकान्यात वर्षअखेरीच्या तरतुदी होत्या, कारण हस्तांतराच्या काळात वर्षअखेर पडलीच नव्हती. गृहस्थांनी थोडी कुरकुर केली, पण तारीख गाठायची असल्यामुळे दाखला तक्त्यासकट स्वीकारला. त्यांच्या पत्रकात सगळे रकाने हिरवे झाले.

चौथ्या टप्प्यात माझी प्रणालीची परवानगी ठरलेल्या दिवसाआधीच काढून घेण्यात आली, त्यामुळे समोरचा माणूस काय पाहतो आहे ते मला दिसत नसे आणि मी नुसत्या वर्णनावरून उत्तरे देत असे. विशेष रक्कम ठरल्याप्रमाणे मिळाली. पद संपल्यानंतरही त्या तरुणाचे निरोप येत राहिले. सुरुवातीच्या एकदोन प्रश्नांची उत्तरे मी दिली, कारण अडचण त्याची होती आणि उत्तर एका ओळीचे होते. मग वर्षअखेर जवळ आली आणि माझ्या जुन्या वरिष्ठांनी स्वतः फोन करून ‘थोडी मदत’ मागितली. मी त्यांना कामाचे स्वरूप, तासाचा दर आणि मुदत लिहून पाठवली. दर पाहून त्यांनी आधी आश्चर्य व्यक्त केले, मग दोन आठवड्यांनी तो मान्य केला. त्या कामात मी सगळ्यात आधी त्या तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यातले प्रकार घेतले आणि या खेपेला शिकणाऱ्याच्या शेजारी बसण्यासाठी खरेदी विभागातल्या माणसालाही कॉलवर बोलावले.